रोपांच्या ट्रेचा व्हॅक्यूम फॉर्मिंग साचा बनवताना या चुका टाळा

चोपड्याकडच्या एका नर्सरीवाल्या दादांसाठी मी टरबूज आणि मिरचीच्या रोपांच्या ट्रेचा साचा केला होता. दहा बाय पाच, म्हणजे 50 कप्पे. शीट काळी हिप्स, म्हणजे हाय इम्पॅक्ट पॉलिस्टायरीन प्लास्टिकची, 0.8 मिमी जाडीची. दादांचं म्हणणं साधं होतं: कपात कोकोपीट जास्त मावलं पाहिजे, म्हणजे पाणी दोन वेळा घालावं लागणार नाही. ते ऐकून मी कप वरून 45 मिमी चौकोनी, तळाशी 41 मिमी आणि 45 मिमी खोल ठेवला. टेपर, म्हणजे कपाच्या भिंतीचा उतार, निघाला जेमतेम अडीच अंश. पहिले आठ-दहा ट्रे काढले आणि साच्यातल्या सगळ्या चुका एकाच वेळी समोर आल्या. कपांचे तळ कागदासारखे झाले होते, कोपरे भरले नव्हते आणि ट्रे साच्यातून निघायला तयार नव्हता. ओढला की कडेच्या कपांवर पांढरे पट्टे उमटत. शेजारच्या शेडमधले काका येऊन विचारू लागले, "काय व्हयनं?"

त्या ट्रेमध्ये जे बिघडलं, तेच पातळ शीटच्या बहुतेक साच्यांत बिघडतं. म्हणून तो ट्रे धरूनच सांगतो.

चूक पहिली: शीट किती ताणली जाणार हे न मोजता खोली ठरवणं

व्हॅक्यूम फॉर्मिंगमध्ये गरम शीटखालची हवा साच्यातल्या भोकांतून ओढून शीट साच्यावर बसवतात, प्लास्टिक बाहेरून येत नाही. चौकटीत धरलेली तीच शीट ताणून सगळी भिंत आणि तळ बनतो. त्यामुळे साचा कागदावर असतानाच एक हिशेब करता येतो. एका कपाच्या वाट्याला शीटचा 50 बाय 50 मिमीचा तुकडा येतो, म्हणजे 2500 चौरस मिमी. माझ्या पहिल्या कपाच्या चार भिंती, तळ आणि वरची पट्टी मिळून साधारण 9900 चौरस मिमी होत होतं. म्हणजे शीट चौपट ताणली जाणार आणि 0.8 ची जाडी सरासरीने 0.2 मिमीवर येणार.

पण ही फक्त सरासरी आहे, आणि खरी गोम तिथेच आहे. गरम शीट आधी कपांमधल्या पट्ट्यांवर टेकते. जिथे टेकली तिथे ती थंड होते आणि ताणायची थांबते. मग भिंतीचा वरचा भाग टेकतो, मग तळाचा मधला भाग, आणि सगळ्यात शेवटी तळाचे चार कोपरे. त्या कोपऱ्यांपर्यंत जायला जेवढी शीट शिल्लक असते, तीच बिचारी पुन्हा पुन्हा ताणली जाते. वरची पट्टी जवळजवळ 0.8 राहते आणि कोपरा कागद होतो.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर गरम करायच्या आधी शीटवर पर्मनंट मार्करने 10 मिमीच्या चौकटी आखा (काळ्या शीटवर चंदेरी मार्कर चालतो). ट्रे काढल्यावर चौकटी मोजा. माझ्या तळाच्या कोपऱ्यात 10 बाय 10 ची चौकट जवळपास 25 बाय 32 झाली होती. आठपट ताण, म्हणजे जाडी 0.1 मिमी. नंतर कप कापून स्क्रू गेजने तपासलं तरी आकडा तोच आला. बोटाने दाबलं की फाटेल असा तळ घेऊन ओला ट्रे उचलायचा कसा?

चूक दुसरी: टेपर म्हणजे फक्त ट्रे निघावा यासाठी असतो असं समजणं

शीट खोबणीत आत ओढली जाते अशा साच्यात प्लास्टिक थंड होताना भिंतीपासून सुटतं, म्हणून तिथे एक-दोन अंश टेपर पुरतो असं आपण ऐकलेलं असतं. एकच खोबण असेल तर ते बरोबरही आहे. पण ट्रेमध्ये 50 खोबणी आहेत आणि त्यांच्या मधल्या भिंती या उभ्या फण्यांसारख्या आहेत. शीट एकेका कपाच्या आत असली तरी ट्रे अख्खा आकसतो, आणि तो त्या फण्यांवरच आवळला जातो. हिप्स साधारण अर्धा टक्का आकसतं. 500 मिमी लांबीवर ते अडीच मिमी झालं. दोन्ही टोकांचे कप मधल्या बाजूला प्रत्येकी सव्वा मिमी सरकू पाहतात, पण मध्ये साच्याची भिंत उभी असते. पांढरे पट्टे नेमके टोकाच्याच रांगांत का येत होते, याचं उत्तर हे होतं. हिप्स ओढलं की ताणाच्या जागी पांढरं पडतं. तो डाग म्हणजे तडा जाण्याची सुरुवात समजा.

यावर दोन उपाय आहेत आणि दोन्ही लागतात. ट्रे कडक झाला की लगेच काढा, पूर्ण थंड होऊ देऊ नका. जितका थांबाल तितका तो आवळेल. आणि टेपर सढळ हाताने द्या. मी दुसऱ्या साच्यात कप वर 45, तळाशी 25 आणि खोली 35 मिमी केली. टेपर झाला जवळपास 16 अंश. निघण्यापुरतं बघितलं तर एवढा लागत नाही, पण त्याने बाकीचं गणित सुटलं. कपाचं क्षेत्रफळ 9900 वरून 6200 चौरस मिमीवर आलं, ताण चौपटीवरून अडीचपट झाला आणि सरासरी जाडी 0.2 वरून 0.32 मिमीवर गेली. शीट तीच, मशीन तेच.

आणखी एक गोष्ट नर्सरीवाल्यांना लगेच कळते. ट्रे एकात एक बसतात तेव्हा दोन ट्रेमधलं अंतर भिंतीची जाडी आणि टेपर यांवर ठरतं. भिंत 0.5 मिमी धरली तर अडीच अंशाला प्रत्येक ट्रे साधारण साडेअकरा मिमी वर राहतो, 16 अंशाला दोन मिमीपेक्षा कमी. शंभर ट्रेची थप्पी एकीकडे मीटरभराच्या वर जाते, दुसरीकडे वीतभरात बसते.

किंमत मोजावी लागते ती मापात. पहिल्या कपात 83 मिली मावत होतं, दुसऱ्यात 44. दादा आधी नाराज झाले. टरबुजाचं रोप पंधरवड्यात शेतात जातं, तेवढ्याला हे माप पुरतं असं त्यांनी स्वतः लावून बघितलं, मगच मान्य केलं. हे बोलणं साचा कापायच्या आधी व्हायला हवं होतं.

चूक तिसरी: हवेचं भोक तळाच्या मध्यभागी पाडणं

मी प्रत्येक कपाच्या मध्यभागी 1.2 मिमीचं एकेक भोक पाडलं होतं. तळाचा मध्य आधी टेकतो, हे वर सांगितलंच. शीट टेकली की भोक बंद. कोपऱ्यांत अडकलेली हवा जाणार कुठे? व्हॅक्यूम कितीही चांगला असला तरी कोपरा गोलमटोल राहतो. आणि इथे बहुतेक जण एक घोडचूक करतात: हीटर वाढवतात. शीट आणखी मऊ होते, तळ आणखी पातळ होतो, कोपरा मात्र तसाच राहतो. दरवेळी तोच कोपरा राहत असेल आणि बाकी ट्रे नीट भरत असेल, तर हीटरला हात लावू नका, भोक बघा.

भोक शीट जिथे सगळ्यात शेवटी पोचते तिथे हवं, म्हणजे तळाच्या चार कोपऱ्यांत. मध्याचं भोक बुजवून मी प्रत्येक कोपऱ्यात 0.6 मिमीचं भोक पाडलं. हिशेब करून बघा: 0.6 ची चार भोकं आणि 1.2 चं एक, हवेला वाट सारखीच मिळते. पण 1.2 च्या भोकात पातळ तळ आत ओढला जाऊन टोक निघतं किंवा भोकच पडतं. भोकाचा व्यास मूळ शीटशी नाही, त्या जागी उरलेल्या जाडीशी ताडून बघायचा. 0.6 ला हिप्सवर बारीकशी पुळी उमटते, ती ट्रेच्या तळाला चालून जाते. पॉलिथिनसारखी मऊ शीट असेल तर भोक आणखी बारीक करावं लागतं.

बारीक भोक जाड साच्यातून आरपार नेलं तर हवा त्यात कोंडते आणि ड्रिल बिटही मोडतो. म्हणून आधी मागच्या बाजूने 6 मिमीचं भोक, वर फक्त 4 मिमी मटेरियल शिल्लक ठेवून. मग पुढून 0.6. बिट सारखा वर काढून भुसा झाडायचा. एमडीएफचा ट्रायल साचा असेल तर वार्निशने भोकं बुजतात, त्यामुळे वार्निश वाळल्यावर पुन्हा बिट फिरवा. सगळी भोकं उघडी आहेत का हे बघायला अॅल्युमिनियमच्या साच्यावर थोडं पाणी ओता आणि खालून कॉम्प्रेसरची हलकी हवा सोडा. जिथे बुडबुडे नाहीत तिथे भोक बंद आहे. एमडीएफवर पाणी नको, बोट ओलं करून फुंकर जाणवते का ते बघा.

साचा आरशासारखा चकचकीत करायचा मोहही टाळा. गुळगुळीत पृष्ठभागावर शीट चिकटून बसते आणि हवेचे फुगे खाली अडकतात. 120 नंबरच्या पॉलिश पेपरचे ओरखडे राहू दिले की हवा त्यातून भोकाकडे सरकते.

चूक चौथी: कोपरा कटरने सोडला तसाच ठेवणं

सपाट कटरने खोबण केली की उभे कोपरे आपोआप गोल होतात, पण भिंत आणि तळ मिळतात ती कड धारदार राहते. तीन पृष्ठभाग एकत्र येतात तो बिंदू शीटसाठी सगळ्यात लांबचा. तिथे गोलाई दिली की शीटला तेवढं अंतर जावंच लागत नाही. शीटच्या जाडीएवढी गोलाई ही अगदी कमीत कमी, पण एवढ्या खोल कपाला ती अपुरी पडते. मी बॉलनोज कटरने तळाला 5 मिमी आणि उभ्या कोपऱ्यांना 6 मिमी दिली. तळाचा कोपरा मोजला तर 0.1 च्या जागी 0.2 मिमी आला.

वरची कड मात्र बहुतेक जण विसरतात. कपांमधली पट्टी 5 मिमी रुंद होती, कड धारदार. शीट तिथून खाली वळताना एक रेघ पडायची आणि ट्रे वाकवला की त्याच रेघेवर तडकायचा. दोन्ही बाजूंना 2 मिमी गोलाई देऊन मध्ये 1 मिमी सपाट ठेवलं, तेव्हा ते थांबलं.

ट्रायल कोणत्या दिवसांत घेता हेही लक्षात ठेवा. आपल्याकडे डिसेंबरातल्या सकाळी साचा गार असतो, पहिल्या काही ट्रेवर शीट टेकताच गोठते आणि लाटा दिसतात. ते ट्रे बघून साचा बदलू नका, आधी साचा कोमट होऊ द्या. मे महिन्यात उलट होतं. एमडीएफमधून उष्णता जात नाही, वीसेक ट्रेनंतर ट्रे लवकर कडकच होत नाही. त्यामुळे एमडीएफवर माप पक्कं करायचं आणि धंद्याचा साचा अॅल्युमिनियमचा करायचा.

कोणाला 45 मिमी खोलीच हवी असेल, तर नुसत्या व्हॅक्यूमवर ती पातळ शीटमध्ये मिळवू नका. प्रत्येक कपासाठी वरून उतरणारा लाकडी ठोकळा लागतो, कपापेक्षा सगळ्या बाजूंनी 5 मिमी लहान, टोकं गोल आणि त्यावर नमद्याचं कापड. तो शीटला आधी तळापासून पाच-सहा मिमी वर नेऊन सोडतो आणि मग व्हॅक्यूम सुरू करायचा. ठोकळ्याखाली शीट गार पडते, त्यामुळे तिथलं मटेरियल जाड राहतं आणि तळाला पोचतं. ठोकळा जास्त खाली गेला तर तळ जाड आणि भिंती पातळ होतात. तेव्हा पुन्हा मार्करच्या चौकटी आखूनच त्याची उंची ठरवा.