‘पिपात मेले’ समजत जाते त्या रात्रीची रोजनिशी: या चुका टाळा

‘आधी धास्ती वाटलेली आधुनिक कविता हळूहळू उलगडते, अशा विद्यार्थ्याची रोजनिशी लिहा’ हा विषय सोपा वाटतो आणि तिथेच फसतो. बहुतेक जण पहिल्या परिच्छेदात भीती लिहितात, शेवटच्या परिच्छेदात आनंद लिहितात. मधलं ‘हळूहळू’ कागदावर येतच नाही. ते आणायचं तर कविता एकच आणि ठरलेली हवी. इथे बा. सी. मर्ढेकरांची ‘पिपात मेले ओल्या उंदिर’ घेऊ. ती लहान आहे, आणि मुलं नेमकी कुठे अडखळतात हे तिच्यात बोट ठेवून दाखवता येतं.

भीती मोघम राहते

‘कविता वाचून मला काहीच कळेना, मी घाबरून गेलो’ हे वाक्य कुठल्याही कवितेला, अगदी गणिताच्या पेपरलाही चालेल. धास्तीला कारण द्या, आणि ते दोन पदरी असू द्या. एक बाहेरचं: उद्या तासाला उभं करून अर्थ विचारणार आहेत. दुसरं ओळीतलं: पहिल्याच ओळीतला ‘ओल्या’ हा शब्द कुठे लावायचा तेच समजत नाही. ‘ओल्या उंदिर’ असं वाचलं तर व्याकरण बसत नाही. उंदीर ओला असतो किंवा ओले असतात. हा अडथळा खरा आहे आणि पुढे तोच सुटणार आहे. म्हणून तो सुरुवातीलाच लिहून ठेवायचा.

नोंद अशी सुरू करता येईल:

‘उद्या पहिला तास मराठीचा. मॅडम हजेरीच्या क्रमाने उठवतायत, म्हणजे उद्या माझाच नंबर. कविता पाच वेळा वाचली. “ओल्या उंदिर”? छपाईची चूक आहे का? आणि मेलेल्या उंदरांवर कोण कविता लिहितं?’

समज एका फटक्यात येते

ही सगळ्यांत महागात पडणारी चूक. ‘मग सरांनी अर्थ समजावला आणि मला कविता फार आवडली’ असं लिहिलं की विषयच हातातून गेला, कारण समजण्याचं काम दुसऱ्यानेच केलं. समज पायरीपायरीने दाखवा आणि प्रत्येक पायरीला कवितेतली एक जागा द्या.

पहिली पायरी अन्वयाची. ओळ गद्यात मांडली की ‘ओल्या पिपात उंदीर मेले’ असं सरळ वाक्य होतं. ‘ओल्या’ हे पिपाचं विशेषण आहे, उंदरांचं नाही. गोष्ट छोटी आहे, पण छपाईची चूक नव्हती हे कळल्यावर मुलाची भीती थोडी सैल पडते. इथे एवढंच होऊ द्या.

दुसरी पायरी मोठ्याने वाचण्याची. आधुनिक कविता म्हणजे मुक्तछंदच, असं बरेच जण धरून चालतात आणि रोजनिशीतही तसं लिहून जातात. ही कविता मुक्तछंदात नाही. ओळीत सोळा मात्रा आहेत आणि त्या चार-चारांच्या गटांत पडतात: पिपात / मेले / ओल्या / उंदिर. टाळी धरून म्हटलं की हे कानाला लगेच कळतं. परकी वाटणारी ओळ ओळखीच्या ठेक्यावर चालतेय, हे विद्यार्थ्याला मात्रा मोजून नव्हे तर बोटांनी टेबलावर ठेका धरताना जाणवू द्या.

तिसरी पायरी सगळ्यांत मोलाची, तिला सगळ्यांत जास्त जागा द्या. पहिल्या कडव्यात दुसरी ओळ आणि चौथी ओळ एकसारखीच सुरू होते: ‘माना पडल्या’. पुढे एकदा ‘मुरगळल्याविण’ येतं, एकदा ‘आसक्तीविण’. दोन्हींत ‘विण’ आहे, पण काय नाही ते बदललंय. पहिल्यांदा मारणारा हात नाही. कुणी मान पिरगाळली नाही, तरी माना पडल्या. मधल्या ओळीत ओठांवर ओठ मिळतात, आणि मग कळतं की त्या जवळिकीत ओढही नाही. मारणारा नाही आणि प्रेमही नाही. ‘ही कविता फक्त उंदरांची नाही’ ही शंका विद्यार्थ्याला इथे येते, आणि ती शंका म्हणूनच लिहायची:

‘दोन्ही ओळी खालीवर लिहून पाहिल्या. कुणी मारलं नाही तरी मेले, जवळ आले तरी ओढ नाही. सकाळी लोकलमध्ये आम्ही सगळे असेच एकमेकांना चिकटून उभे होतो. त्याचा याच्याशी काही संबंध असेल का?’

यानंतर ‘जगायची पण सक्ती आहे, मरायची पण सक्ती आहे’ या ओळी आल्या की वेगळं स्पष्टीकरण लागत नाही. नोंदीत त्या नुसत्या उतरवून ठेवल्या तरी पुरे.

रोजनिशीचं रसग्रहण होतं

‘मर्ढेकर हे मराठी नवकवितेचे प्रवर्तक असून या कवितेत यंत्रयुगातील माणसाची अगतिकता प्रत्ययकारी प्रतिमांतून व्यक्त होते.’ वाक्य चुकीचं नाही, पण रात्री साडेदहाला स्वतःच्या वहीत असं कुणी लिहीत नाही. ओळखायची खूण अशी: वाक्याच्या आधी ‘प्रश्न क्रमांक चार’ लिहून बघा. ते तिथे चपखल बसलं तर नोंदीतून काढा. ‘काही कविता’ हा संग्रह १९४७ चा आणि त्यावर अश्लीलतेचा खटला झाला होता, ही माहितीही तशीच टाकू नका. ती हवीच असेल तर प्रसंगातून येऊ द्या. मैत्रिणीने कँटीनमध्ये खटल्याचं सांगितलं आणि मुलाने कुतूहलाने पुस्तक पुन्हा उघडलं, एवढं पुरतं.

प्रतिमांचंही तसंच. ‘बेकलायटी’ या शब्दापुढे ‘कृत्रिमतेचे प्रतीक’ असं लिहून मोकळे होऊ नका. बेकलाइट हे जुनं, कडक प्लास्टिक; जुन्या घरांतली काळी गोल बटणं त्याचीच असत, आणि एकदा घट्ट झाल्यावर ते तापवूनही वितळत नाही. विद्यार्थ्याला मामाच्या जुन्या घरातलं असं बटण दाबू द्या. मग ओठांवरचं मधाचं पोळंसुद्धा बेकलाइटचं, म्हणजे चकचकीत पण न पाझरणारं, हे तो स्वतःच्या शब्दांत लिहील.

पहिल्याच वाक्यात शेवट फुटतो

‘आज मला एका सुंदर कवितेचा अर्थ उमगला’ अशी सुरुवात केली की पुढची भीती खोटी वाटते. नोंद रात्री लिहिली जाते, त्यामुळे लिहिणाऱ्याला दिवसाचा शेवट ठाऊक असतो, ही अडचण खरीच आहे. तिच्यावर दोन उपाय आहेत. एक म्हणजे दिवस सकाळपासून क्रमाने सांगायचा. दुसरा, आणि जास्त चांगला, म्हणजे तीन तारखांच्या तीन छोट्या नोंदी करायच्या: सोमवार, बुधवार, शनिवार. मग पहिल्या नोंदीतला ‘उद्या’चा तास पुढच्या सोमवारी ढकलायचा. प्रत्येक नोंदीत त्या दिवसापर्यंत जेवढं कळलं तेवढंच. अडीचशे शब्दांची मर्यादा असेल तर पहिलीला साठ, मधलीला सव्वाशे आणि उरलेले शेवटचीला द्या. प्रश्नात ‘एका दिवसाची नोंद’ असं स्पष्ट म्हटलं असेल तर अर्थातच पहिला उपाय.

शेवटी सगळंच कळतं

कविता ‘मेले’ने सुरू होते आणि ‘पिपात उंदिर न्हाले! न्हाले!’ने संपते. मेलेले उंदीर न्हाले कसे, आणि हा उद्गार कशाचा, याचा विद्यार्थ्याने निकाल लावायची गरज नाही. ‘हे अजून कळलेलं नाही, तासाला मॅडमना विचारणार’ एवढं लिहिलं की ज्या तासाची धास्ती होती त्याच तासाला तो प्रश्न घेऊन निघालेला दिसतो, आणि बदल वेगळा सांगावा लागत नाही.

ओळी उतरवताना ‘उंदिर’चा ‘उंदीर’ करू नका. शुद्धलेखनाने दीर्घ बरोबर असला तरी ओळीत एक मात्रा वाढते आणि ठेका तुटतो. तुमच्या स्वतःच्या वाक्यांत मात्र ‘उंदीर’च लिहा.