लंगडी, झेल आणि तोल : बालवाडीचा निरीक्षण-तक्ता करताना या चुका टाळा

कोरेगाव तालुक्यातल्या बालवाड्यांमधून फिरताना दर वर्षी माझ्या हातात मुलांच्या हालचालींचे एकाच छापाचे तक्ते येतात. 'लंगडी चांगली घालतो.' 'चेंडू छान झेलते.' 'तोल बऱ्यापैकी.' चांगली म्हणजे काय, हे विचारलं तर एकाच शाळेतल्या दोन बाई दोन उत्तरं देतात. 'छान', 'बऱ्याचदा', 'बऱ्यापैकी' हे शब्द तक्त्यातून आधी काढा.

पण माझा खरा राग आहे तो एकाच चौकटीत तीन गोष्टी कोंबण्यावर. एका शाळेत लंगडीच्या सर्वात वरच्या स्तराचं वर्णन होतं : 'तोल सांभाळून, हात हलवत, सलग दहा लंगड्या घालते.' आता एखादीनं दहा घातल्या पण हात हललेच नाहीत, तर तिला कुठे बसवायचं? बाई साहजिकच सोपं तेच करतात, आकडा मोजतात.

त्या दिवशी मोठ्या गटातली एक मुलगी अकरा लंगड्या घालून गेली. वर उचललेलं पाऊल तिनं हातानं मागे धरलं होतं आणि प्रत्येक उडीला अख्खा तळवा धपकन आपटत होता. तिला चार गुण मिळाले. तिच्या मागून आलेला मुलगा चारच उड्या मारून थांबला, पण त्याचा वरचा गुडघा झोक्यासारखा पुढे येत होता, कोपरात वाकलेले हात त्याला जोर देत होते आणि पाय अलगद टेकत होता. त्याला दोन गुण. मी मुलीला म्हटलं, "बाळा, आता पाय सोडून घाल बघू." दुसऱ्याच उडीला तिनं दुसरा पाय टेकला. तिच्या बाई बराच वेळ गप्प होत्या, मग म्हणाल्या, "म्हणजे सराव हिला हवा होता, आणि मी रोज त्याला मैदानात पळवत होते."

तेव्हापासून लंगडीसाठी मी चार ओळी ठेवते आणि प्रत्येकीपुढे फक्त एक किंवा शून्य. वरचा पाय झोका घेऊन जोर देतो का? त्याचं पाऊल टेकलेल्या पायाच्या मागेच राहतं का? हात कोपरात वाकून पुढे झुलतात का? एकाच पायावर सलग चार उड्या होतात का? या ओळी माझ्या डोक्यातून आलेल्या नाहीत. मुलांच्या धावणं, उडी, झेल अशा मोठ्या हालचाली तपासणाऱ्या, डेल उलरिच यांच्या टीजीएमडी या चाचणीत लंगडी याच पद्धतीनं पाहतात. ती तीन ते दहा वर्षांच्या मुलांसाठी आहे आणि त्यात प्रत्येक कौशल्याच्या दोन फेऱ्या मोजतात. या हिशोबानं त्या मुलीला एका फेरीत दोन गुण आणि मुलाला चार. शिवाय पुढे काय शिकवायचं तेही कळतं : मुलीनं पाय सोडायचा आणि हात झुलवायचे.

आपल्याकडे लंगडी घालताना बऱ्याच पोरांना पाय धरायची सवय असते. निरीक्षणाच्या वेळी 'पाय धरायचा नाही' हे आधी करून दाखवा, नुसतं सांगू नका.

झेलाच्या बाबतीत तक्ता बरोबर असला तरी चेंडू टाकणारा चुकतो. एक बाई घाईत होत्या. तीस मुलं, अर्धा तास, आणि टेनिसचा चेंडू कधी डोक्यावरून, कधी गुडघ्याखाली. निम्मी मुलं तोंड फिरवून डोळे मिटत होती, आणि तक्त्यात सगळ्यांपुढे 'झेलता येत नाही'. तो गुण मुलांचा नव्हताच, बाईंच्या हाताचा होता. खांदा आणि कंबर यांच्यामध्ये आलेली फेकच मोजा, बाकीच्या पुन्हा टाका. फेक खालून, हळू, आणि रोज एकाच व्यक्तीची. चार वर्षांच्या मुलासाठी मी मोठा मऊ चेंडू घेते आणि दोनच मीटरवर उभी राहते. पाहायच्या गोष्टी तीन : चेंडू येण्याआधी हात पुढे तयार आहेत का, तो येताना हात त्याच्याकडे जातात का, आणि शेवटी तो फक्त तळव्यांत येतो की छातीशी कवटाळला जातो. कवटाळणं ही वाटेतली पायरी आहे. तिला शून्य देऊन थांबू नका, 'छातीशी' अशी नोंद शेजारी लिहा.

तयार तक्त्याची पीडीएफ मागणाऱ्या नव्या ताईंना मी ती देत नाही. पहिला दिवस दहा मुलं नुसती बघा, कागद हातात घेऊ नका. मगच ओळी लिहा.

एका पायावर उभं राहण्याचे सेकंद मोजताना घड्याळ कधी थांबवायचं ते आधी ठरवा : वरचा पाय टेकला, की टेकलेला पाय जागचा हलला, की दोन्हीपैकी काहीही. दोन्ही पाय वेगवेगळे तपासा आणि प्रत्येक वेळी जमीन तीच ठेवा. जूनमध्ये शहाबादी फरशीवर अनवाणी आणि जानेवारीत मुरुमावर बूट घालून घेतलेले आकडे शेजारी मांडून 'प्रगती' लिहिलेली मी पाहिली आहे.