विषयात ‘कशाचं’ आणि ‘काय करायचं’ दोन्ही हवं

सरकारी कार्यालयाला पाठवलेल्या पत्राच्या विषयात नुसतं ‘तक्रारीबाबत’ लिहिलं, तर ते कोणत्या टेबलावर पाठवायचं, हे तिथल्या आवक विभागाला कळत नाही. ठाण्यात घेतलेल्या फ्लॅटच्या मालमत्ता कराच्या बिलावर नाव बदलायचा अर्ज दिलाय आणि आता त्याचं स्मरणपत्र द्यायचंय, तर असं लिहा:

विषय : मालमत्ता क्र. … (सदनिका ३०४, नौपाडा) च्या कर देयकावर खरेदीदाराचे नाव लावणेबाबत.
संदर्भ : १) माझा अर्ज, आवक क्र. ११२७, दि. १२/०३/२०२५
२) आपले पत्र, जा.क्र. …, दि. ०२/०५/२०२५

मालमत्ता क्रमांक जुन्या बिलावरून जसाच्या तसा उतरवा. आवक क्रमांक तुमच्या पोच प्रतीवरच्या शिक्क्यात असतो, जावक क्रमांक कार्यालयाच्या पत्राच्या वरच्या भागात. या दोघांची अदलाबदल झाली, तर नोंदवही चुकीची उघडली जाते आणि ‘असं पत्रच नाही’ असं उत्तर येतं. संदर्भात तारखेशिवाय क्रमांक देऊ नका, कारण बहुतेक नोंदवह्यांत दरवर्षी क्रमांक पुन्हा एकपासून सुरू होतात.