मुलाचं वागणं अचानक बदललं आणि शाळेनं बोलावलं : घरातलं किती सांगायचं? या चुका टाळा

घटक चाचणीत गुण घसरले, शेजारच्या मुलाला मारलं, डबा तसाच परत येतोय, तिसऱ्या तासाला डोकं बाकावर. वर्गशिक्षिका डायरीत लिहितात, 'पालकांनी भेटावे.' घरात काय चाललंय ते आईला ठाऊक असतं, पण शाळेत कुणासमोर किती उघडं करायचं याचा विचार ती भेटीच्या आदल्या रात्री करते, आणि घाईत चूक होते. शाळेत समुपदेशनाचं काम करताना याच चुका वारंवार दिसतात.

उदाहरण म्हणून एक घर घेऊ. मुलगा सहावीत आहे. वडिलांवर ऑनलाइन जुगाराचं कर्ज झालंय, वसुलीवाले दारात येतात, भांडणं रात्री उशिरापर्यंत चालतात. शेवटी आई मुलाला घेऊन माहेरी आली आणि वडील वेगळे राहू लागले. आजोळहून शाळा लांब, त्यामुळे मुलगा तासभर आधी उठतो. वडील घरी नाहीत हे त्याला कळतं. कर्जाचं आणि जुगाराचं त्याला सांगितलेलं नाही.

चूक पहिली : 'घरी सगळं ठीक आहे'

भीती खरी असते. गोष्ट स्टाफरूममध्ये जाईल, तिथून दुसऱ्या पालकांकडे. पण कारण मिळालं नाही म्हणून शाळा शोधायची थांबत नाही, ती आपल्या परीनं कारण लावते. मोबाइल जास्त झालाय, संगत वाईट आहे, अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घ्या. झोप न झालेला मुलगा 'आळशी' ठरतो. शिवाय 'वडिलांची सही आण' म्हणून त्याला परत पाठवलं जातं, आणि ती सही मिळणार नाही हे मात्र त्यालाच ठाऊक असतं.

चूक दुसरी : सगळंच सांगून टाकणं

ही पहिलीपेक्षा जास्त घडते. समोर कुणी आपुलकीनं विचारतं, आणि अर्ध्या तासात कर्जाचा आकडा, सासूचे टोमणे, दागिने कुठे गहाण पडले, सगळं बाहेर येतं. ऐकणाऱ्या बाई चांगल्याच असतात. मात्र त्या माहितीचं वर्गात काय करायचं हे त्यांना कळत नाही. मग त्या मुलाकडे कीव येऊन बघतात किंवा मधल्या सुट्टीत त्याला हळूच विचारतात, 'बाबांचा फोन येतो का रे?' जे घरात लपवलं, ते मुलाला शाळेत कळण्याची हीच वाट असते.

प्रत्येक वाक्य बोलण्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारावा : हे कळल्यामुळे बाई उद्या वर्गात काही वेगळं करतील का? 'आम्ही दीड महिन्यापासून आजोळी राहतो, तो पहाटे उठतो' हे कळलं तर करतील. 'नवऱ्यानं पीएफ काढून उडवला' हे कळून काहीच करणार नाहीत. वरच्या घरातल्या आईनं एवढं सांगितलं तर पुरे :

'घरात एक अडचण आहे, त्यामुळे याचे वडील सध्या आमच्यासोबत राहत नाहीत. आम्ही माझ्या आईवडिलांकडे आहोत. याची झोप कमी होते. वडील वेगळे राहतात एवढंच त्याला माहीत आहे, कारण माहीत नाही, म्हणून त्याला त्याबद्दल विचारू नका. त्यानं हात उचलला तर इतरांना थांबवता तसंच थांबवा, पण वर्गासमोर न बोलता बाजूला घेऊन बोला. सह्या माझ्याच चालतील का? काही वाटलं तर मला फोन करा.'

यातलं सगळ्यात मोलाचं वाक्य म्हणजे मुलाला काय माहीत आहे आणि काय नाही. पालक नेमकं तेच विसरतात. कारण सांगायचं राहिलं तरी चालतं, हे राहिलं तर गडबड होते. फीचा हप्ता थकला असेल तर ते बोलणं ऑफिसात, वेगळ्या दिवशी. पैशांची आणि वर्तणुकीची गोष्ट एकाच अर्जात आली की दोन्हींची सरमिसळ होते.

चूक तिसरी : बोलायचं ते लिहून देणं

मुख्याध्यापकांच्या नावे दिलेल्या अर्जावर आवक क्रमांक पडतो. तो लिपिकाच्या टेबलावरून जातो आणि फाइलमध्ये राहतो. उद्या नवरा-बायकोचं प्रकरण कौटुंबिक न्यायालयात गेलं, तर शाळेचं दप्तर तिथं मागवलं जाऊ शकतं. रागात लिहिलेला 'वडील बेजबाबदार आहेत' हा शेरा तेव्हा दोन्ही वकिलांच्या हाती पडतो. म्हणून कारणं तोंडी सांगावीत आणि व्यवस्था लेखी द्यावी : बदललेला पत्ता, फोन नंबर, मुलाला न्यायला कोण येणार त्यांची नावं.

एक मर्यादा इथं ठाऊक असावी. 'वडिलांना मुलाला भेटू देऊ नका' असं आईनं लिहून दिलं, तरी न्यायालयाचा आदेश नसेल तर वडीलही पालकच आहेत, आणि शाळा अडचणीत सापडते. ताब्याबाबत आदेश झाला असेल, अंतरिम असला तरी, त्याची प्रमाणित प्रत शाळेला द्यावी.

कुणाला सांगायचं, याचंही उत्तर ठरलेलं नाही. साधारणपणे वर्गशिक्षिका आणि समुपदेशक असतील तर ते, एवढे दोघे पुरेत. मुलाला विचारलं तर तो कदाचित पीटीच्या सरांचं नाव घेईल, आणि तेही बरोबर असू शकतं. व्हॅनवाल्या काकांना मात्र फक्त नवा पत्ता कळवावा.

जिथं हा हिशेब लागू होत नाही

मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं किंवा तशी शंका असेल, तर किती सांगायचं हा प्रश्नच उरत नाही. २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार ज्याला हे कळतं त्यानं पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, शिक्षकांनीही. 'हे आपल्यातच ठेवा' असं बाईंना सांगू नये, त्यांना ते ठेवता येत नाही. घरात मुलाला मारहाण होत असेल तर १०९८ हा चाइल्ड हेल्पलाइनचा नंबर आहे.

आधीच जास्त बोलून झालं असेल तर

गोष्ट फुटली हे मुलाच्या प्रश्नांवरून कळतं : 'आई, जुगार म्हणजे काय?' अशा वेळी वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर खुलासा टाकू नये. त्यानं ज्यांना माहीत नव्हतं त्यांनाही कळतं. आधी मुलाशी बोलावं, कारण आता अर्धवट ऐकण्यापेक्षा त्यानं घरातूनच खरं ऐकलेलं बरं. त्याच्या वयाला झेपेल एवढंच सांगावं. मित्रांनी विचारलं तर म्हणायला एक वाक्य त्याच्याकडून घोकून घ्यावं : 'बाबा सध्या दुसरीकडे राहतात.' मग वर्गशिक्षिकेला एकटं गाठून, आरोप न करता विचारावं की हे आणखी कुणाला माहीत आहे, आणि पुढचं बोलणं फक्त त्यांच्याशीच ठेवावं.

बाईंना काय सांगितलंय हे मुलालाही सांगून ठेवावं, तेवढ्याच शब्दांत. नाहीतर बाई अचानक मऊ का वागतात याचा तो भलताच अर्थ लावतो. दोन-तीन आठवड्यांनी बाईंना पुन्हा भेटून, डबा संपतो का, मारामारी कमी झाली का, एवढं विचारावं. आणि जूनमध्ये वर्गशिक्षिका बदलल्या की ही माहिती आपोआप पुढे जाऊ देऊ नये. तोवर घर सावरलं असेल, तर नव्या बाईंना यातलं काहीही सांगण्याची गरज नसते. जुन्या बाईंना मार्चमध्येच तसं सांगून ठेवावं.