नॉनस्टिक तव्याचा फोटो बघून ठरवताना

लातूरहून बहिणीने धिरड्यांच्या नॉनस्टिक तव्याचा फोटो पाठवला. मधोमध पांढुरका डाग. "ताई, टाकू का ठेवू?" फ्लॅशच्या फोटोत चिकटलेला थर आणि उडालेलं कोटिंग सारखंच दिसतं, म्हणून तिला सांगितलं:

१. तवा गार झाल्यावर मऊ घासणीने धुऊन पुसून घे.
२. खिडकीशी तिरप्या उजेडात, फ्लॅश बंद ठेवून जवळून फोटो काढ.
३. डागाच्या कडेवरून नख हलकेच फिरव.

नख सरकलं तर नुसता डाग, तवा खुशाल वापर. नख अडकलं, पापुद्रा सुटला किंवा खालचं चंदेरी अ‍ॅल्युमिनियम दिसलं, तर त्यात स्वयंपाक बंद. तिचं अडकलं. चुकून पोटात गेलेल्या कपच्या न पचता बाहेर पडतात, घाबरू नये.

चांगला तवासुद्धा मोठ्या आचेवर रिकामा ठेवू नका. फार तापला की कोटिंगमधून घातक वाफा सुटतात.