वेळापत्रकात ‘गणित’ आहे, पण भूमिती कुठे आहे? या चुका टाळा

दहावीचं वर्ष सुरू झालं की आमच्या तासगाव भागात घरोघरी भिंतीवर एक कागद चिकटतो. पट्टीने आखलेला, तीन रंगांच्या पेनांचा. कागद सुंदर असतो, पण तो पुन्हा तपासायचा असतो हे फारसं कुणी सांगत नाही. नमुना म्हणून एकाच मुलीचा कागद घेऊ. ती तासगावजवळच्या खेड्यातून एसटीने शाळेला येते आणि संध्याकाळी सहाला घरी पोचते. तिच्या कागदावर सकाळी ५ ते ८ आणि संध्याकाळी साडेसहा ते साडेदहा असा रोज सात तास अभ्यास होता. रविवारचे दहा तास धरून आठवड्याचे ५२.

पहिली चूक इथेच दिसते. संध्याकाळच्या चार तासांत जेवण नाही! गृहपाठाला जागा नाही. अंघोळ, डबा, पाणी भरणं यातलं काहीच नाही. आई म्हणाली, “पोरगी पाचला उठती, पण पुस्तक उघडेस्तवर साडेपाच वाजत्यात.” हे एक वाक्य त्या कागदापेक्षा जास्त खरं होतं.

म्हणून तपासणीची सुरुवात नवा कागद आखून करू नका. जुना तसाच राहू द्या आणि आठवडाभर त्याच्या शेजारी कोऱ्या वहीत फक्त दोन वेळा लिहा: वही प्रत्यक्ष कधी उघडली आणि कधी मिटली. कारणं, सबबी, शेरे काही नकोत. मात्र आठवडा साधा निवडा. गणेश चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी, ऋषिपंचमीला, तासगावात रथोत्सव असतो. त्या आठवड्याच्या नोंदींवरून वर्षाचं वेळापत्रक बांधलं तर ते चुकणारच.

या मुलीच्या नोंदीत सकाळी साडेपाच ते सात, संध्याकाळी सात ते साडेआठ आणि जेवणानंतर तासभर, असे रोजचे चार तास निघाले. सहा दिवसांचे २४ आणि रविवारचे पाच, म्हणजे २९. त्यातला रोजचा सुमारे एक तास गृहपाठात जात होता. स्वतःच्या अभ्यासाला उरले २३. कागदावरचे ५२ आणि हातातले २३, हा फरक आळसाचा नाही. तो कागद खाणं-पिणं नसलेल्या माणसासाठी आखला होता, इतकंच. आणि २३ तास म्हणजे काही कमी नाहीत.

हे २३ सगळे भरायचे नाहीत. आम्ही २० भरले आणि तीन मोकळे ठेवले. त्यातला मोठा भाग शनिवारी संध्याकाळी आहे. मंगळवारी पाहुणे आले, गुरुवारी वीज गेली, की राहिलेलं काम तिथे सरकवायचं. अशी मोकळी जागा नसेल तर एक दिवस चुकला की पुढचा सगळा आठवडा ढासळतो आणि शुक्रवारपर्यंत त्या कागदाकडे कुणी बघतही नाही.

दुसरी चूक जास्त लपलेली असते. कागदावर ‘गणित’ आठवड्याला ११ तास होतं, म्हणजे वरवर पाहता भरपूर. पण घटक चाचणीत बीजगणितात २० पैकी १४ आणि भूमितीत फक्त ६. मी तिला गणिताच्या दोन्ही वह्या आणायला सांगितलं आणि तारखा बघितल्या. बीजगणिताची वही जवळजवळ रोज उघडलेली, भूमितीची फक्त रविवारी दुपारी, तीही दर रविवारी नाही. मूल ‘गणित’ असं लिहितं आणि वेळ आली की जे जमतं ते उघडतं. वर्गसमीकरणं सुटतात म्हणून तीच सुटत राहतात. बोर्डात मात्र गणित भाग १ आणि भाग २ यांच्या स्वतंत्र लेखी परीक्षा असतात, प्रत्येकी ४० गुणांच्या. विज्ञानाचे दोन भागही असेच एका शब्दाखाली लपतात. समाजशास्त्रात इतिहास पुढे जातो आणि भूगोल मागे राहतो.

उपाय असा, की चौकटीत विषयाचं नाव लिहायचं नाही, काम लिहायचं. ‘गणित’ नको, ‘भूमिती’ही नको. ‘समरूपता, सरावसंच १.३, तीन उदाहरणं’ असं हवं. असं लिहिलं की बीजगणिताची वही उघडायला वावच राहत नाही, आणि काम झालं की नाही हेही लगेच कळतं.

ते काम ठरवायला चाचणीचा पेपर समोर ठेवायचा. हिच्या पेपरात मजेशीर गोष्ट दिसली. कोको कसोटी तिला येत होती, त्रिकोण समरूप आहेत हेही तिने बरोबर ओळखलं होतं. चूक पुढे होती. शिरोबिंदूंची संगती ती चुकीच्या क्रमाने लिहायची, त्यामुळे बाजूंची गुणोत्तरं चुकायची आणि खालचं सगळं गणित वाया जायचं. म्हणजे ‘भूमिती कच्ची’ या मोठ्या शब्दामागे सध्या तरी एक छोटी सवय होती. आता रोज सकाळी पहिली ४० मिनिटं भूमिती. त्यातली पहिली दहा मिनिटं आकृती बघून फक्त संगती लिहायची, काहीही सोडवायचं नाही. सहा दिवस ४० मिनिटं म्हणजे बरोबर चार तास. हेच चार तास रविवारी सलग ठेवले असते तर दुसऱ्या तासालाच वही मिटली असती. नावडता विषय थोडा थोडा आणि ताज्या डोक्यानेच होतो, असं माझं मत आहे.

उजळणीचं सांगायचं तर, तिच्या कागदावर ती होती: रविवारी रात्री, ‘सर्व विषय’. ही नसल्यातच जमा. सोमवारी वाचलेला धडा रविवारपर्यंत बराचसा पुसलेला असतो. विसरण्याचा वेग सुरुवातीलाच सर्वात जास्त असतो, हे एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने १८८५ साली स्वतःवर प्रयोग करून दाखवलं होतं. म्हणून रात्रीच्या तासातली ४० मिनिटं उजळणीला दिली. २० मिनिटं कालच्या कामाला, २० मिनिटं मागच्या आठवड्यात याच वारी केलेल्या कामाला. रविवारचा एक तास महिन्यापूर्वीच्या धड्यांना. एकूण पाच तास.

इथे पुस्तक पुन्हा वाचत बसणं ही उजळणी नव्हे. पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहायचं आणि मग पुस्तकाशी ताडून बघायचं. जे सुटलं त्याला लाल खूण. तीच खूण दोनदा आली तर ते काम शनिवारच्या मोकळ्या जागेत जातं. आपल्या कागदावर उजळणी आहे का हे बघायचं असेल तर तिच्या चौकटी हिरव्या पेनाने गिरवा. कागद लांबून बघा. हिरवा रंग एकाच कोपऱ्यात दिसला, तर उजळणी नाही.

उरलेले ११ तास बाकीच्या विषयांना जातात. त्यात इंग्रजीला थोडं जास्त, कारण तिथे ११ गुण होते. मराठी आणि हिंदीला प्रत्येकी तासभर पुरतो, तिच्या घरच्यांना काळजी वाटली तरी.

दर चाचणीनंतर हेच पुन्हा करायचं: गुण बघायचे, वह्यांवरच्या तारखा बघायच्या, सकाळची ४० मिनिटं कुणाला द्यायची ते ठरवायचं. भूमिती सावरली की ती जागा इंग्रजीला मिळेल. मात्र पूर्वपरीक्षा जवळ आली की ४० मिनिटांचे तुकडे पुरत नाहीत. भूमितीचा पेपर दोन तासांचा असतो आणि तेवढा वेळ सलग बसून लिहायचा सराव वेगळाच असतो. तेव्हा रविवारी सकाळी दोन तास एका पूर्ण पेपरसाठी ठेवायचे, घड्याळ लावून. घरच्यांनी त्या वेळात तिला पाणी भरायला हाक मारायची नाही, हेही त्या कागदावरच लिहून ठेवा.