पोस्टची पहिली ओळ: ‘अधिक वाचा’च्या अलीकडे काय बसवायचं

आधी आख्खी पोस्ट लिहून घ्या. पहिली ओळ सगळ्यात शेवटी. पोस्टमध्ये नक्की काय सांगायचंय हे ठरण्याआधी जी पहिली ओळ सुचते ती बहुतेक वेळा ‘नमस्कार मित्रांनो’ असते.

मग फीड मजकूर कुठे कापतं ते समजून घ्या. इन्स्टाग्रामवर साधारण १२५ अक्षरांनंतर मजकूर दुमडला जातो, लिंक्डइनवर साधारण तीन ओळी दिसतात, आणि मधे रिकामी ओळ सोडली तर तीही त्या तीनांत धरली जाते. फेसबुकचं फोनवर एक, संगणकावर दुसरं. या आकड्यांवर फार विसंबू नका, कारण समोरच्याने फोनवर अक्षरं मोठी करून ठेवली असतील तर सगळा हिशेब बिघडतो, आणि आपल्या गिऱ्हाइकांतले निम्मे काका-काकू अक्षरं मोठीच ठेवतात. शिवाय देवनागरीत काना, मात्रा, वेलांटी आणि हलन्त हे सगळं वेगवेगळं मोजलं जातं. ‘दुरुस्ती’ आपल्याला तीन अक्षरांची दिसते, यंत्राच्या हिशेबाने ती आठांची आहे. म्हणून इंग्रजी पोस्टसाठी सांगितलेली मापं मराठीला तशीच लावली की घोटाळा होतो. मी अक्षरं मोजतच नाही. पहिले सात-आठ शब्द एकटे उभे राहिले पाहिजेत, एवढं एकच माप पाळतो.

आता खरी अडचण. मला सगळ्यात जड गेलं ते इथे, आणि याबद्दल कोणी धड सांगत नाही. सगळे ‘उत्सुकता निर्माण करा’ एवढंच म्हणतात.

मराठी वाक्याचा जीव शेवटी असतो. क्रियापद शेवटी, नकार शेवटी, आणि सुरुवातीला ‘च्या’, ‘साठी’, ‘निमित्ताने’ यांची रांग. फीड कापतं तेही शेवटच. म्हणजे वाक्यातला नेमका जो भाग कामाचा, तोच गायब. नागपुरात होळी झाली की कूलर बाहेर निघतात, आणि दुरुस्तीवाल्यांच्या पोस्टही. त्यांतली नेहमीच्या साच्यातली एक बघा:

‘नमस्कार नागपूरकर! दरवर्षीप्रमाणे यंदाही उन्हाळ्याच्या पार्श्वभूमीवर आमच्याकडे सर्व प्रकारच्या कूलरची दुरुस्ती अत्यंत माफक दरात करून मिळेल.’

यात ‘कूलर’ हा शब्द दहावा आहे. आठ शब्दांवर कापलं तर उरतं ‘नमस्कार नागपूरकर! दरवर्षीप्रमाणे यंदाही उन्हाळ्याच्या पार्श्वभूमीवर आमच्याकडे सर्व…’. ही पोस्ट कूलरची आहे, लस्सीची आहे की उन्हाळी शिबिराची, कोणालाही कळणार नाही. अंगठा पुढे सरकतो, आणि त्यात अंगठ्याचा काही दोष नाही.

नुसतं कळत नाही एवढ्यावर भागलं तरी बरं. नकार शेवटी असल्यामुळे कापलेलं वाक्य उलटा अर्थही सांगू शकतं. ‘दारं-खिडक्या लावून कूलर चालवला की खोली लवकर थंड होते हा समज चुकीचा आहे’ हे वाक्य घ्या. माहिती बरोबर आहे. कूलर पाण्याची वाफ करून हवा गार करतो, त्यामुळे ओलसर हवा बाहेर जायला वाट नसेल तर खोलीत दमटपणा साचतो आणि घाम वाळत नाही. पण फीडमध्ये दिसेल ‘दारं-खिडक्या लावून कूलर चालवला की खोली लवकर…’. वाचणारा उरलेलं वाक्य मनात स्वतःच पुरं करतो, आणि नेमकं उलटं करतो. आरोग्याबद्दलच्या किंवा सरकारी योजनांबद्दलच्या पोस्टमध्ये हे झालं तर प्रकरण कूलरपेक्षा पुष्कळ गंभीर होतं. ‘… हा समज चुकीचा आहे’, ‘… असं मुळीच नाही’, ‘… अशी अफवा आहे’ या शेपट्या असलेलं वाक्य पहिल्या ओळीत कधीही ठेवू नका. समज सांगण्याच्या भानगडीत न पडता बरोबर काय तेच आधी सांगा: ‘खिडकी उघडा, मग कूलर लावा.’ पाच शब्द, दोन क्रियापदं, कुठेही कापा, अर्थ बदलत नाही.

दुरुस्तीचा पहिला उपाय हाच. एका लांब वाक्याची दोन आखूड वाक्यं करा, म्हणजे पहिलं क्रियापद तिसऱ्या-चौथ्या शब्दाला येऊन जातं. दुसरा उपाय, क्रियापद उचलून पुढे आणा. बोलताना आपण हे सर्रास करतो: ‘बदलू नका इतक्यात कूलरचं गवत’, ‘थांबा, नवी मोटर घेऊ नका’. लिहायला बसलं की मात्र शाळेतल्या निबंधाचा क्रम आठवतो. तिसरा उपाय कात्रीचा: पहिल्या नामाच्या आधी जे-जे ‘च्या’ आणि ‘साठी’वालं आहे ते काढून टाका आणि अर्थ बिघडतो का बघा. नव्वद टक्के वेळा बिघडत नाही.

एवढ्यावर भागत नाही, कारण ‘कूलर दुरुस्ती करून मिळेल’ ही ओळ आखूड असली तरी मेलेली आहे. कोणाला थांबवायचं, हा प्रश्न उरतोच. याचं उत्तर डोक्यातून काढू नका, फोनवरून काढा. म्हणजे दुकानदाराला विचारा, गिऱ्हाईक फोन करतं तेव्हा तोंडातून पहिलं वाक्य काय निघतं? ‘मला दुरुस्ती सेवा हवी आहे’ असं जगात कोणी म्हणत नाही. म्हणतात, ‘भाऊ, कूलर चालू आहे पण हवा गरमच येते.’ ही झाली पहिली ओळ. ती तुम्ही लिहायची नसते, उचलायची असते.

मग मी ती अशी बसवतो: ‘कूलरची हवा गरम येते? आधी पाण्याचा पाइप तपासा.’

आठ शब्द. चारांवर कापलं तरी प्रश्न पुरा आहे, आठांवर कापलं तर उत्तराची दिशाही आहे. ज्याच्या घरी गरम हवा येते तो थांबेल. ज्याच्याकडे एसी आहे तो पुढे जाईल, जाऊ द्या, तो तसाही फोन करणार नव्हता.

इथे पुष्कळ जण गडबड करतात आणि लिहितात, ‘तुमच्या कूलरमध्ये ही एक चूक होत आहे का? उत्तर वाचून थक्क व्हाल!’ अशा ओळीचा मला मनापासून वैताग आहे. यात गोष्ट काय आहे हेच लपवलंय. वाचकाला ‘का’ आणि ‘कसं’ याची उत्सुकता असू द्या, पण ‘काय’ लपवू नका. पाइप तपासायचा हे मी सांगून टाकलं, पाइपात काय बघायचं ते खाली आहे. यात फसवणूक नाही. फेसबुकने तर ऑगस्ट २०१६ मध्येच जाहीर केलं होतं की माहिती मुद्दाम दडवणारे मथळे फीडमध्ये खाली ढकलले जातील, आणि डिसेंबर २०१७ मध्ये ‘लाइक करा, टॅग करा, शेअर करा’ अशी भीक मागणाऱ्या पोस्टबद्दलही तेच सांगितलं. तरी लोक पहिल्याच ओळीत ‘जास्तीत जास्त शेअर करा’ लिहितात. अजून काय शेअर करायचं ते सांगितलेलंही नसतं!

पहिल्या ओळीने जे कबूल केलं ते दुसऱ्या ओळीने लगेच द्यायचं. ‘अधिक वाचा’ दाबल्यावर ‘आमच्या दुकानाची स्थापना…’ आलं तर तो माणूस पुढच्या वेळी दाबणार नाही. आपल्या उदाहरणात पुढचा मजकूर असा होता:

‘कूलरची हवा गरम येते? आधी पाण्याचा पाइप तपासा. पाण्यातल्या क्षारांनी पाइपाची बारीक भोकं बुजतात. मग गवताचा एखादा पट्टा वरपासून खालपर्यंत कोरडा राहतो आणि तिथून गरम हवा आत शिरते. प्लग काढा, बाजूची जाळी उघडा, कोरडा पट्टा कुठे आहे बघा, त्याच्या वरचं भोक सुईने मोकळं करा. तरीही पाणी चढत नसेल तर पंप गेला आहे. सक्करदरा ते मानेवाडा घरी येऊन बदलून देतो.’

दुकानदाराला धास्ती होती की लोक स्वतःच भोकं मोकळी करतील आणि फोनच येणार नाही. काही जण करतीलच. पण एप्रिलच्या दुपारी जाळी उघडून बसण्याची हौस सगळ्यांना नसते, आणि ज्याचा पंप खरंच गेलाय त्याला आता तो कोणाकडे बदलायचा हे कळलेलं असतं.

वस्तीचं नाव मी इथे शेवटी ठेवलं, कारण पहिली ओळ कूलरच्या दुखण्याने भरली होती. जिथे दुखणं सगळ्यांचं सारखं आणि ठिकाण हाच फरक असतो, तिथे नाव पुढे आणा: ‘मानेवाड्यात डबा हवाय? सोमवारपासून सुरू.’ नुसतं ‘नागपूर’ मात्र पहिल्या ओळीत जागा खातं. हिंगण्याच्या माणसाला कामठीचा डबा काय उपयोगाचा!

बोलीचं म्हणाल तर गावातल्या फेसबुक ग्रुपवर ‘कूलर गरम हवा फेकून राहिला का भाऊ?’ ही ओळ प्रमाण मराठीपेक्षा चांगली चालते. मात्र लिहिणारा तसं बोलणारा असला पाहिजे. बाहेरून आलेल्याने शब्दाशब्दाला ‘बे’ आणि ‘काऊन’ पेरलं की लगेच कळतं, आणि मग प्रतिक्रियांमध्ये कूलर बाजूला राहून त्याचीच फिरकी घेतली जाते.

इमोजींची माळ, हॅशटॅग, दुकानाचं नाव: सगळं खाली. दुकानाचं नाव पोस्टच्या डोक्यावर आधीच दिसत असतं.

टाकण्याआधी तपासायचं असं. फेसबुकच्या स्वतःच्या खात्यावर पोस्ट ‘ओन्ली मी’ करून टाका आणि फोनवर बघा कुठे कापली जाते. मग तो फोन घरातल्या अशा माणसाकडे द्या ज्याला विषय माहीत नाही, आणि दोनच प्रश्न विचारा: हे कशाबद्दल आहे? पुढे काय लिहिलं असेल? पहिल्याचं उत्तर चटकन यायला हवं. दुसऱ्याचं अर्धवट आलं तर उत्तम. दोन्ही पुरेपूर आली तर पोस्ट उघडायचं कारणच उरलं नाही, पहिल्या ओळीतून थोडं काढा. पहिलंच आलं नाही तर वाक्य पुन्हा मोडा. ‘छान आहे’ असं उत्तर आलं तर दुसरा माणूस शोधा.

आणि टाकल्यानंतर चुकीच्या जागी कापलेली दिसली तर पोस्ट काढून पुन्हा टाकू नका, आलेल्या प्रतिक्रिया जातात. फेसबुक, इन्स्टाग्राम, लिंक्डइन, तिन्हीकडे मजकूर नंतर बदलता येतो. पहिलं वाक्य तेवढं बदला आणि पुन्हा एकदा मोठ्या अक्षरांच्या फोनवर बघा.